वयोजन्य पीतबिंदू-ऱ्हास

दृष्टिपटलाच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूची, म्हणजे मॅक्युलाची, उतारवयात होणारी झीज. यात समोरचे नेमके दिसणे बिघडते, कडेचे मात्र दिसत राहते. त्यामुळे माणूस घरात सहज वावरतो, पण वर्तमानपत्र वाचता येत नाही की समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही.

बहुतेक रुग्णांत हा विकार कोरडा असतो. दृष्टिपटलाखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर ठिपके साचतात आणि नजर वर्षानुवर्षे हळूहळू मंदावते. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांत नजर जाऊ शकते. कोरडा प्रकार केव्हाही ओला होऊ शकतो, म्हणून घरची तपासणी हवी.

समजा, फोंड्याजवळच्या एका घरात सत्तरीतल्या आजी आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, त्यामुळे धूसर दिसले की चष्म्याचा नंबर बदलला असेल असे सगळ्यांना वाटते. एके दिवशी उजवा डोळा पुसताना त्यांना डाव्या डोळ्याने खिडकीचे सरळ गज मध्येच वाकलेले दिसतात. इतके दिवस हे कळले नाही, कारण चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकून नेतो.

म्हणूनच अ‍ॅम्सलर जाळी एकेका डोळ्याने पाहायची. हा 10 सेंटीमीटरचा चौकोन, त्यात 5 मिलिमीटरची घरे आणि मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावून ती साधारण 30 सेंटीमीटरवर धरावी, एक डोळा तळहाताने झाकावा, नजर ठिपक्यावरून हलू देऊ नये. रेषा वाकड्या दिसल्या, एखादा भाग पुसट किंवा गायब वाटला, तर त्याच आठवड्यात दृष्टिपटलाचे डॉक्टर गाठावेत; बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, नेत्रविभाग आहे. जाळी ठीक दिसली तरी डॉक्टरांकडची तपासणी चुकवू नये, कारण सुरुवातीचे झिरपणे कधी कधी तिच्यात दिसत नाही. ते दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये कळते.

ओल्या प्रकारावर बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट यांपैकी एक औषध डोळ्यात टोचतात. थेंबांनी डोळा बधिर करून, पोव्हिडोन आयोडीनने धुऊन, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर बारीक सुई घालतात. औषध एका थेंबाएवढे, बहुधा 0.05 मिलिलिटर. बहुधा सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने, मग स्कॅन पाहून अंतर वाढवतात. नेमकी इथे चूक होते. तिसऱ्यानंतर बरे वाटते, त्यात पावसाळ्यात बसने बांबोळी गाठणे जिवावर येते आणि फेरी राहते. पण औषध त्या वाहिन्या नाहीशा करत नाही, फक्त काही काळ आवरते. पाणी पुन्हा साचले की गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नसते.

टोचल्यावर पांढऱ्या भागावर लाल डाग उठणे किंवा एक-दोन दिवस काळे बुडबुडे तरंगताना दिसणे चालते. मात्र पुढच्या काही दिवसांत डोळा ठणकू लागला, लाली वाढली आणि नजर अंधूक झाली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो क्वचितच होतो, पण झाला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळात जावे.