वाय-फाय बंद झालं आणि सायलेंट मोड चुकला

घरातून निघालं की वाय-फाय बंद, ऑफिसात पोचलं की फोन सायलेंट. ही दोन ऑटोमेशन वेगवेगळी लावली तर नीट चालतात. एकत्र लावली की दुसरं अडखळू लागतं, आणि अँड्रॉइडवर त्याला पुष्कळदा पहिलंच कारणीभूत असतं.

दोन्हींच्या मुळाशी असतो जिओफेन्स, म्हणजे नकाशावरचा एक बिंदू आणि त्याभोवतीचं वर्तुळ. आपण वर्तुळात आहोत का, हे पाहायला फोनने जीपीएस सतत चालू ठेवला तर बॅटरी लवकर संपेल. शिवाय इमारतीच्या आत तो नीट लागतही नाही. म्हणून फोन आसपासच्या राउटरांचे संकेत ऐकतो. त्यांना जोडावं लागत नाही, कोणकोणते ऐकू येतात एवढं कळलं तरी जागा साधारण 20 ते 50 मीटरच्या फरकाने सांगता येते. नुसत्या मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधला, तर चूक शेकडो मीटरची होऊ शकते.

आता समजा, ऑफिसभोवती 100 मीटर त्रिज्येचं वर्तुळ आहे. घर सोडताच वाय-फाय बंद झालं. ऑफिसात शिरल्यावर टॉवरवरून आलेला अंदाज 600 मीटर इकडेतिकडे असेल, तर तुम्ही वर्तुळात आहात असं फोन खात्रीने म्हणू शकत नाही. मग मीटिंग सुरू होते आणि रिंगटोन वाजते.

यावर एक सोय आहे. लोकेशनच्या सेटिंगमध्ये `Wi-Fi scanning` चालू ठेवलं, तर वाय-फाय बंद असतानाही फोन जागा ओळखण्यापुरते संकेत ऐकत राहतो. बॅटरी वाचवायच्या नादात नेमकं हेच अनेकजण बंद करतात. त्याबरोबर वर्तुळ 150 ते 200 मीटरचं करावं. त्यामुळे शेजारच्या रस्त्यावरून जातानाही फोन गप्प होत असेल, तर शिरल्याबरोबर नव्हे, काही मिनिटं आत थांबल्यावरच काम करायची अट घालावी.

वाय-फाय बंद करायला काहीजण जिओफेन्सऐवजी 'घरचं वाय-फाय तुटलं' हा ट्रिगर लावतात. तो चटकन चालतो, पण वीज गेली तरी चालतो. राउटर पुन्हा सुरू झाला तरी फोनचं वाय-फाय बंदच राहतं आणि घरी बसून मोबाइल डेटा संपतो. म्हणून 'वाय-फाय तुटलं' आणि 'वर्तुळाबाहेर आहे' या दोन्ही अटी एकत्र हव्यात. आणखी एक अडचण: अँड्रॉइड 10 पासून नव्या ॲपना वाय-फाय थेट बंद करता येत नाही, त्यामुळे काही ॲपमध्ये ही पायरी काही न सांगता फसते.

बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला प्रत्येक ऑटोमेशनच्या शेवटी वेळ दाखवणारं नोटिफिकेशन जोडावं. ते दोन-तीन मिनिटं उशिरा आलं तर काळजी नको. फोन पार्श्वभूमीत जागा तेवढ्याच अंतराने तपासतो. नोटिफिकेशन वेळेवर आलं पण फोन वाजतोच आहे, तर ॲपला 'डू नॉट डिस्टर्ब' बदलायची परवानगी दिली आहे का ते बघावं. नोटिफिकेशन आलंच नाही, तर ट्रिगरच चुकलाय. तेव्हा आधी स्कॅनिंग आणि मग बॅटरी सेव्हर तपासावा.