तक्रारीचे तटस्थ पुनर्लेखन

रागाच्या भरात लिहिलेला तक्रारीचा मसुदा, झालेल्या हानीचे गांभीर्य कमी न करता, तपासता येईल अशा भाषेत पुन्हा लिहिणे म्हणजे तटस्थ पुनर्लेखन. इथे तटस्थ राहायचे ते समोरच्याच्या हेतूबद्दल, हानीबद्दल नव्हे. ही गल्लत झाली की तक्रार सभ्य होते आणि तिच्यातला जीव जातो.

समजा, पहिल्या मसुद्यात वाक्य आहे : ‘त्या निर्दयी नर्सने माझ्या आईला मरायला सोडले, रात्रभर कोणी फिरकले नाही.’ यातला प्रत्येक जळजळीत शब्द कशावरून आला, हे लिहिणाऱ्याला विचारायचे. ‘निर्दयी’ कशावरून? घंटी वाजवूनही ती आली नाही, आणि नंतर म्हणाली, ‘सारखी घंटी कशाला वाजवता?’ ‘रात्रभर’ म्हणजे किती? शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाच्या मुलीने फोनमध्ये वेळ पाहिली होती. पुनर्लेखन असे होते :

‘रात्री २.१० ते २.५५ या वेळात आईने तीनदा घंटी वाजवली. कोणी आले नाही. २.५५ ला ती एकटीच स्वच्छतागृहाकडे निघाली आणि पडली. उजव्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. वेळा शेजारच्या रुग्णाच्या मुलीने पाहिल्या आहेत. पडल्यानंतर आलेली नर्स म्हणाली, “सारखी घंटी कशाला वाजवता?”’

‘निर्दयी’ गेले, पण पंचेचाळीस मिनिटे आली. शिवाय ‘रात्रभर’ हा शब्द खोडून काढणे रुग्णालयाला सोपे होते. एक अतिशयोक्ती खोटी ठरली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. नर्सचे बोलणे मात्र सौम्य करून ‘उद्धटपणे बोलली’ असे लिहू नये. अवतरणातले मूळ शब्द कोणत्याही विशेषणापेक्षा बोलके असतात.

उलट दिशेची चूक जास्त घातक, कारण ती समंजसपणासारखी दिसते. ‘सेवेत काहीसा विलंब होऊन रुग्णाची गैरसोय झाली’ हे वाक्य शांत आहे, पण वस्तुनिष्ठ नाही : त्यातून घंटी, पडणे आणि मोडलेले हाड तिन्ही गायब आहेत. कोणी काय केले नाही, हे सांगणारा कर्ताही उरलेला नाही. ‘गैरसोय’, ‘गैरसमज’, ‘अनुचित प्रकार’ असे शब्द मसुद्यात दिसले, तर तिथे एखादी घटना झाकली गेली आहे का ते पाहावे.

भावना पूर्णपणे वगळायची गरज नसते. ‘आम्ही उद्ध्वस्त झालो’ याऐवजी ‘त्या रात्रीपासून आई एकटी उठायला घाबरते, मुलगी रोज तिच्या खोलीत झोपते’ असे लिहिले, की दुःख परिणाम म्हणून नोंदले जाते. हेतूचा आरोप करायचाच असेल, तर तो अंदाज आहे हे सांगून आधार द्यावा, नाहीतर प्रश्न विचारावा : त्या वेळी वॉर्डात किती नर्स कामावर होत्या?

पहिला मसुदा फाडू नये. घटनेनंतर लगेच लिहिलेला असल्याने पुढे विसरले जाणारे तपशील बहुधा त्यातच सापडतात. तो तारीख घालून स्वतःजवळ ठेवावा.