संख्या अर्ध्या केल्या की गुणाकार झटपट होतो का?

"मोठ्या संख्यांचे दोन-दोन तुकडे करून गुणा, काम आपोआप कमी होतं. कारात्सुबा पद्धत म्हणजे हेच." नाशिकच्या स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो.

नुसत्या तुकड्यांनी काहीच वाचत नाही. ४२१३ × २५१२ घ्या. तुकडे ४२, १३ आणि २५, १२. सरळ रीतीने चार गुणाकार लागतात: ४२×२५, ४२×१२, १३×२५, १३×१२. अंक निम्मे झाले, पण गुणाकार एकाचे चार झाले. n अंकी संख्यांच्या गुणाकाराचं काम T(n) आणि त्यातल्या बेरजांचं काम cn धरलं, तर T(n) = 4T(n/2) + cn. १०२४ अंकांना दहा वेळा अर्धं करत एका अंकापर्यंत आलो, तर ४¹⁰ = १०,४८,५७६ गुणाकार होतात. हे तर बरोबर १०२४ × १०२४, शाळेतल्या रीतीइतकेच!

कारात्सुबाची खरी युक्ती मधल्या दोन गुणाकारांत आहे. ते वेगळे काढायचेच नाहीत. ४२×२५ = १०५० आणि १३×१२ = १५६ काढा. मग (४२+१३)×(२५+१२) = ५५×३७ = २०३५. त्यातून आधीचे दोन्ही वजा केले की ८२९ उरतात, आणि ५०४ + ३२५ सुद्धा ८२९च. आता १०५० पुढे चार शून्यं, ८२९ पुढे दोन: १,०५,००,००० + ८२,९०० + १५६ = १,०५,८३,०५६. कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा.

चाराचे तीन झाले: T(n) = 3T(n/2) + cn, म्हणजे वाढ साधारण n^1.585 इतकी. १०२४ अंकांना ३¹⁰ = ५९,०४९ गुणाकार. बेरजेत कधी एक अंक वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त. बेरजा-वजाबाक्याही वाढतात, म्हणून लहान संख्यांना जुनीच रीत वेगवान ठरते आणि प्रोग्राम ठरावीक आकाराखाली तीच वापरतात.