थकलेला पगार, मालकाचे वायदे आणि कायद्याने आखलेली मुदत

लहान कंपनीत पगार थकू लागला की चर्चा मालकाच्या हेतूवर येते. माणूस खरा आहे का, ‘पुढच्या आठवड्यात क्लायंटचं बिल येतंय’ हे खरं आहे का, आपण किती दिवस थांबायचं? हे प्रश्न स्वाभाविक आहेत. पण थकलेल्या पगाराविषयीचे कायदे जवळपास दोनशे वर्षांत जसे घडत गेले, ते पाहिलं तर मालकाच्या हेतूला त्यात फारशी जागा नाही असं दिसतं. त्यांचा भर दोनच गोष्टींवर आहे: थकबाकी कोणत्या महिन्यांची आहे, आणि ती कबूल केल्याचा कागद आहे का.

मुळात पगार हा काम झाल्यावर मिळतो. म्हणजे महिनाभर कर्मचारी मालकाला उधारीवर काम देत असतो. बँक तारण मागते, पुरवठादार माल थांबवतो, घरमालक जागा रिकामी करायला सांगतो. कर्मचारी मात्र दुसऱ्या दिवशीही कामावर येतो. त्यामुळे पैशांची ओढाताण सुरू झाली की पगार रांगेत शेवटी जातो, आणि त्यासाठी मालक लबाड असण्याची गरज नसते. उलट मनापासून आशावादी असलेला मालक जास्त काळ वायदे करू शकतो, कारण त्याचा स्वतःचाही त्यांवर विश्वास असतो.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. इंग्लंडमध्ये 1855 साली मर्यादित जबाबदारीचा कायदा आला आणि कंपनी बुडाली तरी भागधारकाचं घर सुरक्षित राहू लागलं. न्यूयॉर्कने त्याआधीच, 1848 मध्ये, कारखानदारी कंपन्यांच्या कायद्यात एक अपवाद ठेवला होता: मजुरांच्या थकलेल्या मजुरीसाठी भागधारक व्यक्तिशः जबाबदार. तो अपवाद बदलत्या रूपात आजही तिथे टिकून आहे. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे दहा सर्वांत मोठे भागधारक पगाराच्या थकबाकीला जबाबदार धरता येतात. मात्र कर्मचाऱ्याने नोकरी संपल्यापासून 180 दिवसांत त्यांना लेखी नोटीस द्यायला हवी, नाहीतर हा हक्क जातो.

इतर बहुतेक देशांनी वेगळी वाट धरली. कंपनी बुडाल्यावर जे काही उरेल, त्यातून कामगाराला इतर घेणेकऱ्यांच्या आधी द्यायचं. पण किती? इंग्लंडच्या 1888 च्या कायद्याने कारकुनाला शेवटच्या चार महिन्यांचा पगार, कमाल 50 पौंड, आणि मजुराला दोन महिन्यांची मजुरी, कमाल 25 पौंड, असा प्राधान्यक्रम दिला. अमेरिकेच्या 1898 च्या दिवाळखोरी कायद्याने तीन महिने आणि 300 डॉलर ही सीमा घातली. पुढच्या सगळ्या व्यवस्थांचा साचा इथेच पडला. संरक्षण सगळ्या थकबाकीला नसून शेवटच्या ठराविक महिन्यांना आहे. त्यामागचा विचार असा की गरजू माणूस दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ पगाराविना राहूच शकत नाही, राहिलाच तर त्याने इतर घेणेकऱ्यांसारखी जोखीम पत्करली. हा तर्क मला निष्ठुर वाटतो, पण तो पुसला गेलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1949 च्या वेतन-संरक्षण कराराने प्राधान्य मान्य केलं, पण त्याचा काळ देशांवर सोडला. 1992 च्या कराराने प्राधान्यासाठी किमान तीन महिने आणि मालकाऐवजी थकलेला पगार देणाऱ्या हमी निधीसाठी किमान आठ आठवडे ठरवले.

हमी निधी ही विसाव्या शतकाची भर. बुडालेल्या कंपनीकडे वाटायलाच काही नसेल तर प्राधान्याचा उपयोग काय, या प्रश्नातून तो जन्मला. बेल्जियमने 1967 मध्ये अशा निधीची सोय केली, जर्मनीने 1974 मध्ये तीन महिन्यांचा पगार देण्याची, तर ब्रिटनने 1975 मध्ये आठ आठवड्यांपर्यंतची. 1980 मध्ये युरोपीय समुदायाने सर्व सदस्य देशांना असा निधी उभारायला सांगितलं. इटलीने त्यासाठीची मुदत पाळली नाही, आणि त्यातून कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जाणारा फ्रांकोविच खटला उभा राहिला.

या खटल्यातला कर्मचारी फ्रांकोविच हा इटलीतल्या व्हिचेन्झा इथल्या एका कंपनीत होता. पगार नियमित नव्हता, मधूनमधून उचल म्हणून काही रक्कम मिळायची. त्याने दावा जिंकला, न्यायालयाने सुमारे 60 लाख लिरा मंजूर केले, पण वसुलीला गेलेल्या अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. मग त्याने निधी न उभारणाऱ्या सरकारवरच दावा केला. 1991 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अशा कुचराईची भरपाई सरकारला द्यावी लागू शकते. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. 1995 चा दुसरा निकाल मात्र क्वचित सांगितला जातो. ज्या मालकावर त्या देशाच्या कायद्याने सामूहिक दिवाळखोरीची कारवाई होऊ शकते, त्याच्याच कर्मचाऱ्यांना निधीचा तो 1980 चा नियम लागू होता. फ्रांकोविचचा मालक त्या कक्षेत येत नव्हता. ज्याच्या नावाने तत्त्व प्रस्थापित झालं, तो स्वतः त्याच्या बाहेर राहिला. लहान कंपनीच्या बाबतीत म्हणून पहिली चौकशी ही करावी: ही कंपनी औपचारिकपणे दिवाळखोरीत जाऊ शकते का, आणि तिला तिथे नेणार कोण?

भारतात असा सर्वसाधारण हमी निधी नाही. 1936 च्या वेतन अदायगी कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, हजार किंवा जास्त कामगार असतील तर 10 तारखेपर्यंत, देण्याचं बंधन घातलं. त्याखालच्या दाव्याची मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती एक वर्ष झाली, आणि 2019 च्या वेतन संहितेत तीन वर्षांची तरतूद झाली. कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याच्या प्रक्रियेत, गेल्यावर 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते आणि इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची त्यांच्यानंतर. मुदत लांब आहे, पण पैसे उरलेल्या मालमत्तेतूनच यायचे. भाड्याची जागा, हप्त्यावरचे संगणक आणि बँकेकडे गहाण असलेली येणी एवढ्यावर चालणाऱ्या कंपनीत बारा महिन्यांचा हक्क कागदावरच राहण्याची शक्यता मोठी.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा जणांची कंपनी. फेब्रुवारीचा पगार अर्धा मिळाला. मार्चपासून काहीच नाही. जुलैच्या अखेरीस खात्यात एका पगाराएवढी रक्कम आली, सोबत तपशील नाही. ऑगस्टअखेर कंपनी बंद पडली. एकूण थकबाकी साडेपाच पगारांची.

निधी नोकरीच्या शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे देतो असं धरू, म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. जुलैत आलेली रक्कम सर्वांत जुन्या बाकीला वळती केली, तर तिने फेब्रुवारीचा अर्धा आणि मार्चचा अर्धा पगार फिटतो. संरक्षित तिन्ही महिने पूर्ण थकलेले राहतात, निधीतून तीन पगार मिळतात आणि अडीच बुडतात. कंपनीने तीच रक्कम ‘जुलैचा पगार’ म्हणून नोंदवली असेल, तर निधीतून दोनच मिळतात आणि साडेतीन बुडतात. पैसे तेवढेच आले, फरक पडला तो एका ओळीच्या नोंदीने. आलेली रक्कम कोणत्या बाकीला लागू करायची हा वाद जुना आहे. 1816 च्या क्लेटन प्रकरणाने इंग्लिश कायद्यात चालू खात्यासाठी ‘आधीचं आधी’ हा नियम रुजवला. भारतीय करार कायद्यातही पैसे देणाऱ्याने सांगितलं तर त्याचं, त्याने सांगितलं नाही तर घेणाऱ्याचं, दोघंही गप्प राहिले तर कालक्रमाने, असा क्रम आहे. म्हणून तपशिलाविना रक्कम आली की त्याच दिवशी मेल करावा: ‘आज मिळालेली रक्कम मी फेब्रुवारी आणि मार्चच्या बाकीपोटी जमा धरली आहे.’

हाच कर्मचारी मेअखेर बाहेर पडला असता तर? थकबाकी साडेतीन पगारांची, त्यातले मार्च ते मे हे तिन्ही महिने संरक्षित, बुडण्याच्या धोक्यात फक्त फेब्रुवारीचा अर्धा. तीन महिन्यांची बाकी साचल्यावर प्रत्येक नवा महिना मागचा एक महिना संरक्षणाबाहेर ढकलतो. किती थांबायचं याचं मोजमाप इथून मिळतं: आपल्याकडे संरक्षण किती महिन्यांचं आहे, आणि बाकी किती महिन्यांची झाली आहे. मात्र काही देशांत मुदत नोकरी सोडल्यापासून नव्हे तर कंपनी बंद पडल्याच्या किंवा दिवाळखोरीच्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात. अमेरिकेत यांपैकी आधीची तारीख धरून 180 दिवस मागे जातात, वर रकमेचीही कमाल मर्यादा असते. तिथे लवकर सोडून गेलेल्याची बाकीही, कंपनी रखडत चालू राहिली तर, मुदतीबाहेर जाते. सोडल्यावर लगेच दावा दाखल करायचा तो यासाठी.

वायद्यांचं काय? जुन्या इंग्लिश कायद्यात कर्जाची तोंडी कबुलीही दाव्याची मुदत नव्याने सुरू करायला पुरत असे. खोट्या साक्षींचा त्रास होऊ लागल्यावर 1828 मध्ये, ज्याला लॉर्ड टेंटरडेनचा कायदा म्हणतात त्याने, कबुली लेखी आणि सहीची असावी अशी अट घातली. भारताच्या 1963 च्या मुदत कायद्यातही लेखी, सहीची आणि मूळ मुदत संपण्याआधी दिलेली कबुलीच चालते. बैठकीत सगळ्यांसमोर दिलेला शब्द या कसोटीला उतरत नाही. ‘दिवाळीआधी सगळं क्लिअर करू’ अशा मोघम ओळीचाही फारसा उपयोग नाही, कारण तिच्यात रकमेचा किंवा महिन्यांचा पत्ता नसतो. मागायचं ते पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह, महिनावार आकडे आणि संचालकाची सही असलेलं. बहुतेक मालक ते देतात, कारण त्या वेळी त्यांना माणसं टिकवायची असतात. टाळाटाळ झाली तर ती स्वतःच एक माहिती आहे. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी प्रत्यक्षात भरला जातोय का, हे खात्यात पाहणं ही दुसरी. कापलेली रक्कम भरली जात नसेल, तर कंपनी कर्मचाऱ्यांच्याच पैशांवर चालू आहे.

बाकीचे कागद साधे आहेत: नेमणूकपत्र, पगारपत्रकं, बँकेचं विवरण, हजेरी किंवा काम केल्याचा पुरावा, आणि वायद्यांचे मेल. हजेरीचा पुरावा लोक विसरतात. कंपनी बंद पडल्यावर हिशेब पाहणारा अवसायक कोणालाच ओळखत नसतो, आणि शेवटच्या महिन्यांत तुम्ही खरोखर कामावर होता का, हे त्याला कागदावरूनच ठरवायचं असतं. या प्रती ऑफिसच्या मेलमध्ये ठेवून चालत नाही, कारण सर्व्हरचं बिलही थकलेलं असू शकतं. मात्र ग्राहकांची यादी किंवा कंपनीचा इतर गोपनीय मजकूर सोबत घेऊ नये, त्याने थकलेल्या पगाराच्या दाव्यासमोर कंपनीचा उलटा दावा उभा राहतो.