ट्रेंडलाइन ‘लगेच तुटली’ म्हणून चार्ट पाठवण्याआधी

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या चार्टांसोबत एक वाक्य हमखास असतं: “लाइन तुटली, मी बाहेर पडलो, आणि भाव पुन्हा वर गेला. असं का?” चार्ट उघडला की उत्तर समोरच असतं. लाइन दोनच तळांवरून ओढलेली असते, ते तळ चार-पाच सत्रांच्या अंतरावर असतात आणि लाइन शिडीसारखी उभी असते. दर वेळी तेच समजावण्यात तुमचा दिवस जातो आणि आमचाही, म्हणून हे माहितीपत्रक.

चढत्या ट्रेंडची लाइन तळांखालून जाते आणि उतरत्या ट्रेंडची शिखरांवरून, हे तुम्हाला माहीत आहेच. इथे चढत्या लाइनबद्दल लिहिलं आहे. उतरतीसाठी सगळं उलटं करून वाचा.

दोन तळ म्हणजे फक्त अंदाज

कुठल्याही दोन बिंदूंमधून एक सरळ रेघ जातेच. त्यामुळे दोन तळ जोडल्याने काहीच सिद्ध होत नाही, आपण फक्त “बहुधा हा उतार असावा” एवढं म्हटलेलं असतं. भाव तिसऱ्यांदा त्या रेघेपाशी येऊन वर वळला, तर बाजारानेही ती रेघ मानली असं म्हणता येतं. आमच्या चार्टवर दोन स्पर्शांची लाइन तुटक आणि तीन स्पर्शांची सलग दिसते, ती याचसाठी.

दुसरा तळही वाटेल तो चालत नाही. दोन तळांच्या मधलं शिखर भाव ओलांडून गेला, तरच तो दुसरा तळ हा खरा तळ. तोवर तो उतरणीतला नुसता थांबाही असू शकतो. आणि शेजारशेजारच्या तीन कँडल लाइनला टेकल्या, तर तो एकच स्पर्श आहे, तीन नाहीत. दोन स्पर्शांच्या मध्ये भाव लाइनपासून चांगला दूर जाऊन परत आलेला हवा.

उभी लाइन तुटते कशी

आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण चार्ट असेच येतात. भावाचा तळ २०० ला झाला. तिथून सत्रं मोजू. चौथ्या सत्रात भाव जरा खाली येऊन २१२ वरून वळला. ग्राहकाने २०० आणि २१२ जोडले. चार सत्रांत १२, म्हणजे लाइन रोज ३ ने वर चढते.

आता ही लाइन भावाकडून काय मागते ते पाहा. वीस सत्रांनी ती २६० ला पोहोचेल, म्हणजे तीस टक्के वर. चाळीस सत्रांनी ३२० ला, म्हणजे साठ टक्के वर. भावाने एकदाही दम न घेता हा वेग राखला, तरच लाइन टिकणार.

दहाव्या सत्रात भाव २३८ ला बंद झाला. लाइन तेव्हा २३० वर होती, मध्ये ८ चं अंतर. पुढची तीन सत्रं भाव २३६ ते २४० मध्ये घुटमळला. लाइन मात्र २३३, २३६, २३९ अशी चढत राहिली. तेराव्या सत्रात भाव २३७ ला बंद झाला आणि लाइन ‘तुटली’. तीन सत्रांत भाव पडला किती? एक. भाव लाइनवर कोसळलाच नाही, लाइनच खालून येऊन त्याला धडकली. उभी लाइन लवकर तुटते ती अशी: तिला मोडायला भाव पडावा लागत नाही, नुसता थांबला तरी पुरतं.

हा चार्ट आम्ही पुन्हा आखून परत पाठवला. तेराव्या सत्रानंतर भाव खरंच खाली आला आणि विसाव्या सत्रात २२० वरून वळला. २०० ते २४० ही चाल ४० ची, त्यातले २० परत. तेजीत असं नेहमीच होतं. सव्विसाव्या सत्रात भावाने २४० ओलांडले, तेव्हा २२० हा पक्का तळ ठरला. मग २०० आणि २२० जोडले: वीस सत्रांत २०, रोज १. मधला २१२ चा तळही तपासला. चौथ्या सत्रात लाइन २०४ वर आहे, म्हणजे ती भावाला कुठे कापत नाही.

पुढे भाव २६२ पर्यंत गेला आणि उतरत अडतिसाव्या सत्रात लाइनपाशी, म्हणजे २३८ ला आला. विक २३७ पर्यंत गेली, बंद मात्र २४३. हा तिसरा स्पर्श. विक एकाने खाली गेली म्हणून आम्ही लाइन तुटली असं धरत नाही. लाइन तळांच्या टोकांवरून ओढायची, पण तुटली की नाही ते बंद भावावरून ठरवायचं, तेही शक्यतो सलग दोन बंद भाव पाहून, हा आमचा नियम आहे. कँडलच्या अंगावरून लाइन ओढणारेही आहेत आणि ते चुकीचं नाही. फक्त एकाच लाइनवर एक स्पर्श विकचा आणि दुसरा अंगाचा, अशी सोयीची निवड करू नका.

“तुमच्या लाइन उशिरा येतात”

ही तक्रार आम्हाला मान्य आहे. वरच्या चार्टमध्ये आमची सलग लाइन आली तेव्हा भाव २०० वरून २४३ ला पोहोचलेला होता. ज्यांना त्याआधी शिरायचं आहे त्यांनी तुटक लाइनवर शिरावं, फक्त तो अंदाज आहे हे धरून रक्कम लहान ठेवावी. तिसरा स्पर्श म्हणजे हमीही नव्हे; सलग लाइनसुद्धा तुटतातच. मात्र त्या तुटल्या की त्यात काहीतरी अर्थ असतो.

उभी लाइन तुटली, तर पुसू नका. वेग ओसरला, एवढी बातमी ती देते; ट्रेंड संपला ही बातमी वेगळी. त्याच पहिल्या तळातून दुसरी, मग गरज पडली तर तिसरी, अशा कमी कमी उताराच्या लाइन पंख्यासारख्या उघडत जातात. तिसरीही तुटली की आम्ही उलटा ट्रेंड गृहीत धरायला लागतो.

“लाइन ४५ अंशांची हवी ना?” हेही नेहमी विचारलं जातं. स्क्रीनवर चार्ट आडवा ताणला, की तीच लाइन ३० अंशांची दिसते. म्हणून अंश मोजू नका, रोज किती चढते ते मोजा. लांब पल्ल्याच्या चार्टवर, जिथे भाव दुप्पट-तिप्पट झाला आहे, तिथे लॉग स्केल लावा. साध्या स्केलवरची सरळ लाइन रोज सारखे अंक मागते, लॉगवरची सारखे टक्के.

चार्ट तपासायला पाठवताना प्रत्येक स्पर्शाची तारीख आणि भाव, साधी स्केल की लॉग, आणि लाइन रोज किती चढते, एवढं सोबत लिहा. शेवटचा आकडा काढतानाच बऱ्याच जणांना आपली लाइन उभी आहे हे कळतं आणि चार्ट आमच्याकडे येतच नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तरीही अडलं, तर तुमच्या लाइनशेजारी आमची लाइन आखून, दोन्हींचे स्पर्श दाखवून चार्ट परत मिळेल. साप्ताहिक चार्ट घेणाऱ्यांसाठी ही तपासणी त्यातच धरलेली आहे.