शाळेच्या नेटवर्कवर पाठाचा व्हिडिओ न चालणे

शाळेच्या संगणकावर पाठाचे पान उघडते, व्हिडिओचे शीर्षक आणि चित्र दिसते, पण प्ले दाबल्यावर मधला गोल फिरत राहतो किंवा पडदा काळाच राहतो, अशी ही अडचण आहे. इंटरनेट बंद नसते. त्याच संगणकावरून ईमेल जातो, सरल पोर्टल उघडते, आणि तोच दुवा शिक्षकांच्या मोबाइल डेटावर लगेच चालतो. अशा वेळी दोष बहुधा लाइनच्या वेगात नसतो. तो कोणत्या साइट उघडू द्यायच्या हे ठरवणाऱ्या शाळेच्या कंटेंट फिल्टरमध्ये, किंवा फायरवॉलने अडवलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे डेटा येण्याच्या क्रमांकित दारात असतो.

मुंबईत या अडचणीला आणखी एक पदर आहे. एकाच शिक्षणसंस्थेच्या शाळा दादर, मुलुंड, बोरिवली अशा विखुरलेल्या असतात आणि फिल्टरचा ताबा संस्थेच्या मुख्य कार्यालयाकडे किंवा एएमसी घेतलेल्या कंत्राटदाराकडे असतो. वर्गात उभ्या असलेल्या बाईंना किंवा लॅबच्या सरांना त्यात हात घालता येत नाही. ‘व्हिडिओ चालत नाही’ एवढीच तक्रार वर गेली, तर ‘यूट्यूब तर चालू आहे’ असे उत्तर येते. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते.

पान एका नावावरून, व्हिडिओ दुसऱ्या नावावरून

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या मंचावर नेतात. हा मंच २०१७ साली सुरू झाला. त्यावरचे काही व्हिडिओ मंचाच्या स्वतःच्या साठ्यात एमपी४ फाइल म्हणून असतात, तर काही प्रत्यक्षात यूट्यूबवर असतात आणि दीक्षाच्या पानात केवळ दाखवले जातात. त्यामुळे एका धड्याचा व्हिडिओ चालतो आणि पुढच्या धड्याचा अडकतो, हे चित्र नेहमीचे आहे.

यूट्यूबचे पान `www.youtube.com` वरून येते. व्हिडिओखालची छोटी चित्रे `i.ytimg.com` वरून येतात. खुद्द व्हिडिओ मात्र लहान लहान तुकड्यांत, `googlevideo.com` ने संपणाऱ्या यजमान-नावांवरून येतो. या नावांचा पहिला भाग सतत बदलतो, कारण गूगल प्रेक्षकाला जवळच्या सर्व्हरकडे पाठवते आणि असे सर्व्हर इंटरनेट पुरवठादारांच्या जाळ्यातही ठेवलेले असतात. आज अंधेरीच्या शाखेत दिसलेले पूर्ण नाव उद्या तिथेच दिसेल याची खात्री नसते.

फिल्टरला मात्र या नावाशिवाय फारसे काही दिसत नाही. एचटीटीपीएस जोडणीत मजकूर सांकेतिक असतो. सुरुवातीच्या निरोपात यजमानाचे नाव तेवढे सहसा उघड जाते. पाकिटावरचा पत्ता वाचता येतो, आतले पत्र नाही. फिल्टर त्या नावाचा वर्ग पाहतो. `www.youtube.com` शाळेने मुद्दाम परवानगीच्या यादीत घातलेले असते, पण `googlevideo.com` ‘स्ट्रीमिंग मीडिया’ या वर्गात पडून अडवलेले राहते. पान उघडते आणि व्हिडिओ येत नाही, याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

एक उदाहरण

परळ भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेची कल्पना करू. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हा पाठ चालू आहे. बाई स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावतात आणि मुले ओरडतात, “बाई, नुसतं गोल गोल फिरतंय!” लॅबचे सर येतात आणि पहिली परीक्षा करतात. लॅपटॉप शाळेच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडतात. यंत्र तेच, ब्राउझर तोच, दुवा तोच; व्हिडिओ चालतो. म्हणजे लॅपटॉप ठीक आहे, अडथळा शाळेच्या वाटेवर आहे.

पुन्हा शाळेच्या वायफायवर येऊन ते क्रोममध्ये `F12` दाबतात, `Network` हा भाग उघडतात आणि पान नव्याने लोड करतात. स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून `Domain` आणि `Protocol` हे दोन स्तंभ जोडून घेतात. यादीत `www.youtube.com` च्या ओळींपुढे `200` दिसते. `videoplayback` या नावाने सुरू होणाऱ्या ओळी मात्र बराच वेळ `(pending)` राहतात आणि मग लाल होतात. या ओळींचे डोमेन `googlevideo.com` आहे. त्रुटीही बोलकी असते. `ERR_CONNECTION_TIMED_OUT` आले, तर कोणीतरी पॅकेट गुपचूप टाकून देत असावे. `ERR_CONNECTION_RESET` आले, तर बहुधा वाटेत जोडणी मुद्दाम तोडली जाते. `ERR_CERT_AUTHORITY_INVALID` आले, तर फिल्टर मध्ये बसून स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करत असावा आणि या संगणकाला ते ओळखीचे नसावे.

सर या यादीचा फोटो काढून संस्थेच्या कार्यालयाला पाठवतात आणि सोबत एक वाक्य लिहितात: “`*.googlevideo.com` आणि `*.ytimg.com` यांना ४४३ पोर्टवर परवानगी द्यावी.” मागणी अशी नेमकी असावी लागते. आयपी पत्त्यांची यादी दिली, तर पत्ते बदलले की आठवड्याभरात तीच तक्रार परत येते. पूर्ण यजमान-नाव दिले तरी तेच होते. सुरुवातीच्या तारांकनामुळे त्या कुटुंबातली सगळी नावे एका नियमात येतात.

रिस्ट्रिक्टेड मोड

परवानगी मिळते. धड्याच्या पहिल्या भागाचा व्हिडिओ छान चालतो. दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा विषय येतो आणि पडद्यावर हा व्हिडिओ उपलब्ध नाही असे येते. संदेशात `Restricted Mode` हे शब्द दिसतात. व्हिडिओखालच्या टिप्पण्याही गायब असतात.

हा वेगळा अडथळा आहे. कोणता व्हिडिओ पाहिला जातोय हे फिल्टरला दिसत नाही, म्हणून ती निवड यूट्यूबकडूनच करवून घेण्याची सोय गूगलने ठेवली आहे. शाळेचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, `www.youtube.com` विचारल्यावर दुसऱ्याच नावाचा पत्ता देतो आणि यूट्यूब त्या जोडणीला कडक किंवा मध्यम गाळणी लावते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर हे एका ओळीत कळते:

```
nslookup www.youtube.com
```

उत्तरात `restrict.youtube.com` दिसले तर कडक गाळणी आहे, `restrictmoderate.youtube.com` दिसले तर मध्यम. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर शाळेच्या डीएनएसने ती बहुधा लावलेली नाही. तरीही फिल्टर जोडणी उघडून त्यात हेडर घालत असेल, किंवा खात्यावर वा ब्राउझरवर ती लावलेली असेल, तर इथे काही दिसणार नाही.

ही गाळणी मुख्यतः आपोआप चालते. मुलांना नको ते दिसू नये हा शाळेचा हेतू रास्तच आहे, पण प्रजनन, मासिक पाळी किंवा युद्धाचा इतिहास शिकवणारे चांगले व्हिडिओही तिच्यात अडकू शकतात. कडकवरून मध्यमवर येणे हा साधा उपाय. शाळेची खाती गूगल वर्कस्पेसच्या शैक्षणिक आवृत्तीवर असतील, तर नेमलेल्या शिक्षकांना एखादा व्हिडिओ मंजूर करता येतो. मात्र ही मंजुरी शाळेच्या खात्याने साइन इन केलेल्यांपुरतीच असते. स्मार्ट बोर्डवर कोणी साइन इनच केलेले नसेल, तर तिचा उपयोग नाही. माझ्या मते अशा धड्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच करून व्हिडिओ मंजूर करून ठेवावेत. ऐन तासाला हा अडथळा आला की मुलांसमोर विषयच चोरटा ठरतो, आणि ते नुकसान व्हिडिओपेक्षा मोठे आहे.

४४३ पोर्ट, पण कोणता?

तिसरी तक्रार सर्वांत फसवी. एका संगणकावर व्हिडिओ चालतो, पण लॅबमधल्या तीस मुलांनी एकदम लावला की काही सेकंद चालून सगळीकडे थांबतो.

टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि ४४३ क्रमांकाचा पोर्ट दोन्हींत असतो. वेब पाने जुन्या पद्धतीने टीसीपीच्या ४४३ पोर्टवर येतात. यूट्यूब आणि क्रोम मात्र शक्य असेल तिथे यूडीपीचा ४४३ पोर्ट वापरतात. त्यावरच्या क्विक या प्रोटोकॉलला मे २०२१ मध्ये अधिकृत मानकाचे रूप मिळाले. `Network` मधल्या `Protocol` स्तंभात `h3` दिसले तर जोडणी यूडीपीवर आहे, `h2` दिसले तर टीसीपीवर.

फायरवॉलने यूडीपी ४४३ पूर्ण बंद केला असेल, तर सहसा फार बिघडत नाही. ब्राउझर थोडी वाट पाहून टीसीपीकडे वळतो. त्रास होतो तो अर्धवट अडवण्याने. अनेक फायरवॉलमध्ये यूडीपीच्या पुराविरुद्ध संरक्षण असते आणि सेकंदाला ठरावीक पॅकेटांपलीकडचे सगळे टाकून दिले जाते. ही मर्यादा जुन्या काळच्या वापरावर बेतलेली असते. सुरुवातीची पॅकेटे सुखरूप जातात, म्हणून ब्राउझरला वाट मोकळी वाटते. तीस व्हिडिओ एकदम वाहू लागले की फायरवॉल त्यांना हल्ला समजतो.

याची परीक्षा सोपी आहे. दोन-तीन यंत्रांवर `chrome://flags/#enable-quic` उघडून `Disabled` करावे, ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि सगळ्या वर्गाने व्हिडिओ लावावा. फक्त तेवढी यंत्रे नीट चालली, तर दोष तिथेच आहे. मग एक तर ती मर्यादा वाढवावी, नाहीतर यूडीपी ४४३ सरळ बंद करावा, तोही गुपचूप टाकून न देता नकार कळवून, म्हणजे ब्राउझर लगेच टीसीपीकडे जातो. मधल्या अवस्थेत ठेवू नये.

वेगाचा प्रश्न वेगळा कसा ओळखावा

लाइन खरोखर कमी पडत असेल, तर यूट्यूब आधी दर्जा उतरवते, चित्र धूसर होते आणि मधूनमधून थांबते. यूट्यूबच्या अंदाजाने ७२०पी साठी सुमारे २.५ एमबीपीएस लागतात, ४८०पी साठी १.१. तीस यंत्रांवर ७२०पी म्हणजे ७५ एमबीपीएस. ५० च्या लाइनवर ते बसत नाही, ४८०पी मात्र ३३ मध्ये भागते. व्हिडिओवर उजवी क्लिक करून `Stats for nerds` उघडले की `Buffer Health` दिसते. तो आकडा पुन्हा पुन्हा शून्याजवळ येत असेल तर लाइन बहुधा अपुरी आहे. शून्यावरून हललाच नाही तर फिल्टरकडे पाहावे.

थेट वर्गाचे नियम निराळे आहेत. गूगल मीटला यूडीपीचा ३४७८ पोर्ट लागतो. तो बंद असला तर मीट टीसीपी ४४३ वर जाते आणि आवाज तुटू लागतो. रेकॉर्ड केलेल्या पाठासाठी असे वेगळे पोर्ट उघडण्याची सहसा गरज नसते.

टॅबवरच्या ॲपमध्ये आणखी एक मर्यादा येते. फिल्टर जोडणी उघडून तपासत असेल, तर शाळेचे प्रमाणपत्र टॅबवर टाकूनही अनेक ॲप चालत नाहीत, कारण अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरकर्त्याने टाकलेल्या प्रमाणपत्रांवर आपसूक विश्वास ठेवत नाहीत. ब्राउझरमध्ये पाठ चालतो आणि ॲपमध्ये नाही, असे दिसले तर त्या मंचाची नावे तपासणीतून वगळायला सांगावे. तोवर दीक्षा ॲपमधला एमपी४ पाठ घरच्या किंवा मोबाइलच्या नेटवर आधी डाउनलोड करून शाळेत नेटशिवाय दाखवता येतो. यूट्यूबवरून येणाऱ्या पाठाला ही सोय नाही.