रेझरपेची किल्ली बदललीत आणि स्क्रिप्ट चालेना? आधी खिडकी बंद करा

(आमच्याकडून रोजच्या पेमेंट-जुळवणीची स्क्रिप्ट घेतलेल्या ग्राहकांसाठी)

एक खुलासा आधीच करतो. एपीआय की म्हणजे स्क्रिप्टला तुमच्या रेझरपे खात्यात शिरू देणारी ओळख. तिला आम्ही या पत्रकात ‘किल्ली’ म्हणणार आहोत. मराठीत ‘की’ लिहिलं की निम्मी वाक्यं दोनदा वाचावी लागतात.

रेझरपेची किल्ली जोडीने येते. एक की-आयडी, जी `rzp_live_` ने सुरू होते, आणि दुसरं तिचं सिक्रेट. आयडी फारशी गुप्त नसते, तुमच्या वेबसाइटच्या पेमेंट पानातही ती असते. सांभाळायचं ते सिक्रेट. दोन्ही मिळून हाताशी असतील त्याला तुमच्या सगळ्या पेमेंटची यादी, ग्राहकांचे फोन नंबर आणि ईमेल दिसतात, आणि रिफंडही करता येतो. रिफंडचे पैसे ज्याने भरले त्याच्याकडेच परत जातात, चोराच्या खात्यात थेट वळवता येत नाहीत, हे खरं. पण माल घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाच्याच हाती किल्ली लागली तर? किंवा कोणी नुसत्या खोडसाळपणाने शंभर रिफंड मारले तर?

म्हणून आम्ही दिलेल्या स्क्रिप्टमध्ये किल्ली कुठेच लिहिलेली नाही. तिथे फक्त एवढं आहे:

```python
import os
KEY_ID = os.environ["RAZORPAY_KEY_ID"]
KEY_SECRET = os.environ["RAZORPAY_KEY_SECRET"]
```

म्हणजे किल्ली विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, तुमच्या लॉगिनच्या नावावर ठेवलेली आहे आणि स्क्रिप्ट चालताना ती तिथून उचलते. स्क्रिप्ट कोणालाही पाठवा, नव्या अकाउंटंटला द्या, पेनड्राइव्हवर घ्या, तिच्यासोबत किल्ली जात नाही.

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो

नाव न घेता एका मसालेवाल्या ग्राहकांचं सांगतो. त्यांचा जुना अकाउंटंट सोडून गेला, म्हणून मालकांनी त्याच संध्याकाळी डॅशबोर्डवर जाऊन किल्ली बदलली. अगदी योग्य केलं. नवीन किल्ली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरली, तेही बरोबर. मग शेजारी सकाळपासून उघड्या असलेल्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, स्क्रिप्ट चालवली. उत्तर आलं `401`, म्हणजे किल्ली मान्य नाही. पुन्हा चालवली, पुन्हा `401`. तिसऱ्यांदा वैतागून त्यांनी स्क्रिप्टची फाइल `settlement.py` उघडली, `os.environ` च्या दोन्ही ओळी खोडल्या आणि नवी आयडी आणि सिक्रेट अवतरणचिन्हांत चिकटवून टाकलं. चाललं! मग ‘पुन्हा शोधाशोध नको’ म्हणून तेच सिक्रेट ऑफिसच्या गूगल डॉकमध्ये टाकलं आणि ती फाइल नव्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवली.

किल्ली भरण्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. विंडोजमध्ये कुठलाही प्रोग्राम उघडतो तेव्हा त्याला व्हेरिएबल्सची एक प्रत मिळते आणि बंद होईपर्यंत तो त्याच प्रतीवर चालतो. तुम्ही नंतर केलेला बदल आधीच उघड्या असलेल्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. सकाळची खिडकी सकाळचीच, म्हणजे रद्द झालेली किल्ली पाठवत होती. खिडकी बंद करून नवी उघडली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

इथे एक बारीक खोच आहे. तुम्ही व्हीएस कोडमधल्या टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालवत असाल तर नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. टर्मिनलला प्रत व्हीएस कोडकडून मिळते आणि व्हीएस कोडकडे जुनीच असते. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडावा लागतो. रात्री आपोआप चालणाऱ्या टास्कसाठी आम्ही सरळ सांगतो: लॉग आउट करा, पुन्हा लॉग इन करा. त्यानं वाद मिटतो.

त्या मसालेवाल्यांची गोष्ट तिथे संपली नाही. तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा किल्ली बदलली. या वेळी व्हेरिएबल नीट भरलं, खिडकीही नवी उघडली, तरी `401`. दोन तास आमचा माणूस रिमोटवर बसला. व्हेरिएबल बरोबर, किल्ली बरोबर, इंटरनेट बरोबर. शेवटी फाइल उघडली तर चिकटवलेलं जुनं सिक्रेट अजून तिथेच होतं. स्क्रिप्ट व्हेरिएबलकडे बघतच नव्हती. चिकटवलेल्या किल्लीचा हाच त्रास आहे: ती बदलायची राहते आणि राहिली आहे हे कोणाला आठवत नाही.

किल्ली बदलायची पद्धत

रेझरपेच्या डॅशबोर्डवर किल्ली नव्याने तयार करताना जुनी लगेच बंद करायची की २४ तासांनी, असं विचारलं जातं. किल्ली बाहेर गेल्याचा संशय असेल तर लगेच. नेहमीचा बदल असेल तर २४ तास निवडा, म्हणजे नवी भरायची राहिली तरी रात्रीची जुळवणी जुन्या किल्लीवर होऊन जाते. सिक्रेट फक्त त्याच वेळी दिसतं, नंतर डॅशबोर्ड ते दाखवत नाही. हरवलं तर पुन्हा नवी जोडी काढायची, एवढंच. ‘हरवेल’ या भीतीने ते डॉकमध्ये लिहून ठेवायची म्हणून गरजच नाही.

मग स्टार्टवर `environment` टाइप करा आणि `Edit environment variables for your account` उघडा. वरच्या यादीत `RAZORPAY_KEY_ID` आणि `RAZORPAY_KEY_SECRET` दिसतील. एकेक निवडून `Edit`, जुनं पुसायचं, नवं पेस्ट करायचं, `OK`. इथे अवतरणचिन्हं घालायची नाहीत. घातलीत तर ती किल्लीचाच भाग समजली जातात. पेस्ट करताना शेवटी एखादी स्पेस येते, तीही तशीच.

भरलेलं बरोबर आहे का ते सिक्रेट पडद्यावर न आणता बघता येतं. नव्या खिडकीत हे चालवा:

```
python -c "import os; print(os.environ['RAZORPAY_KEY_ID'][:12], len(os.environ['RAZORPAY_KEY_SECRET']))"
```

यात आयडीची पहिली बारा अक्षरं आणि सिक्रेटची फक्त लांबी दिसते. अक्षरं नव्या आयडीशी जुळली नाहीत तर बहुधा खिडकी जुनी आहे. लांबी रेझरपेने दिलेल्या सिक्रेटपेक्षा दोनने जास्त आली तर अवतरणचिन्हं आत गेली आहेत, एकने जास्त आली तर बहुधा स्पेस. या ओळीचा फोटो आम्हाला खुशाल पाठवा. मात्र नुसतं `set` टाइप करून अख्ख्या यादीचा फोटो पाठवू नका. महिन्यातून एकदा तरी असा फोटो येतो, त्यात सिक्रेट लख्ख दिसत असतं, आणि मग ती किल्लीही बदलावी लागते.

चूक कुठली ते ओळखणं सोपं आहे. `KeyError: 'RAZORPAY_KEY_SECRET'` आलं तर त्या नावाचं व्हेरिएबल स्क्रिप्टला मिळालंच नाही. नावात अक्षर चुकलं असेल, किंवा टास्क दुसऱ्या लॉगिनवर चालत असेल, कारण एका लॉगिनचं व्हेरिएबल दुसऱ्याला दिसत नाही. `401` आलं तर काहीतरी मिळालं, पण ते चुकीचं किंवा जुनं आहे. एका ग्राहकांच्या भाच्याने विचारलं होतं की `os.environ.get` का नाही वापरलं, मग `KeyError` येऊन स्क्रिप्ट थांबली नसती. थांबावी म्हणूनच वापरलं नाही. `get` किल्ली नसताना गुपचूप रिकामा हात पुढे करतं आणि चूक चार पायऱ्या पुढे, भलत्याच वेशात भेटते.

‘पण आमचं डॉक फक्त आमच्यातच आहे’

हे आम्हाला नेहमी ऐकायला मिळतं. गूगल डॉकमधून ओळ पुसली तरी आधीच्या आवृत्त्यांत ती राहते, आणि ज्याला संपादनाचा अधिकार आहे तो ती उघडून बघू शकतो. सोडून गेलेल्या माणसाचा अधिकार काढायला कोणाला आठवतं? कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचंही तसंच. आज ओळ काढून नवा कमिट, म्हणजे नवी नोंद, केला तरी जुन्या कमिटमध्ये किल्ली असतेच. रेपो, म्हणजे गिटमधला कोडचा साठा, खाजगी असणं पुरेसं नाही. २०१६ मध्ये उबरच्या इंजिनिअरांच्या खाजगी गिटहब रेपोत हल्लेखोर शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडच्या किल्ल्या मिळाल्या आणि त्यातून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. तेव्हा किल्ली एकदा डॉकमध्ये, चॅटमध्ये किंवा कमिटमध्ये गेली की ती पुसत बसू नका, बदला.

तुमच्याकडे कुठे चिकटवलेली आहे का ते शोधायला स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये हे चालवा:

```
findstr /s /m "rzp_live" *.*
```

ज्या फाइलचं नाव येईल ती उघडून बघा. सिक्रेटला अशी ठरावीक सुरुवात नसते, पण लोक दोन्ही शेजारी-शेजारीच चिकटवतात, त्यामुळे आयडी सापडली की सिक्रेटही सापडतं. ही आज्ञा वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींच्या आतलं मात्र पकडत नाही, त्या हातानेच बघाव्या लागतील.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे, हेही सांगून टाकतो. तुमच्या लॉगिनवर बसलेल्या माणसाला ते वाचता येतं, त्या लॉगिनवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामलाही. काउंटरवरचा सगळ्यांचा मिळून एकच कॉम्प्युटर असेल तर जुळवणीसाठी वेगळं लॉगिन करून घ्या. ज्यांची स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर चालते त्यांच्याकडे आम्ही किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि `chmod 600` करतो, म्हणजे ती फाइल तिच्या मालकाशिवाय इतर वापरकर्त्यांना वाचता येत नाही. तिथे `.bashrc` मध्ये किल्ली टाकून बघू नका. हाताने चालवलं तर चालेल, रात्री आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून चालणार नाही, कारण क्रॉन ती फाइल वाचत नाही.

वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांसाठी किल्ली बदलणं त्यातच धरलेलं आहे. रिमोटवर येऊन वीसेक मिनिटांत करून देतो, वेगळं लॉगिन आणि जुन्या चिकटवलेल्या किल्ल्यांची शोधाशोध त्यातच. पेस्ट तुम्हीच करायची, आमचा माणूस तेवढा वेळ पडदा बंद करायला सांगेल. देखभाल नसेल तर एका बैठकीचे पैसे पडतात. मात्र वरचं वाचून तुम्ही स्वतः केलंत तर आमची काही हरकत नाही.

फोन करण्याआधी खिडकी बंद करून एकदा नवीन उघडून बघा. तरीही अडलं तर चुकीची शेवटची ओळ वाचून दाखवा, आणि ‘थांबा, सिक्रेट पण सांगतो’ म्हणू नका. आम्ही ते लिहून घेत नाही.